मदत हवी आहे: रात्री घरात शिरला, शिव्या दिल्या, धमकी दिली. गुन्हा कोणता धरायचा?

गिरणाकाठ
पीएसआयच्या सराव चाचणीतला प्रश्न आहे, क्लासचं नाव देत नाही. अ आणि ब यांचा शेताच्या बांधावरून वाद. अ रात्री ब च्या घरात शिरतो, त्याला झोपेतून उठवतो, घाण शिव्या देतो आणि म्हणतो, "उद्या मोजणीला आलास तर हातपाय तोडीन." ब त्याला "चल निघ" म्हणतो आणि अ निघून जातो. माझं उत्तर उत्तरतालिकेशी जुळत नाही. आक्षेप पाठवायला उद्यापर्यंतच मुदत आहे आणि सर फोन उचलत नाहीत. अभ्यासिकेत दुपारपासून यावरच वाद चालू आहे. कोणी तरी नीट सांगा, लवकर.

सातपुडा
पर्याय कुठे आहेत? तालिकेत कुठला बरोबर दिलाय? आणि तुम्ही कुठला धरला? एवढं तरी लिहा, म्हणजे बोलता येईल.

गिरणाकाठ
१) फक्त फौजदारीपात्र धाकदपटशा
२) शांतताभंगाच्या उद्देशाने अपमान
३) गृह-अतिक्रमण आणि धाकदपटशा
४) रात्रीचे गुप्त गृह-अतिक्रमण आणि धाकदपटशा
तालिका म्हणते ४. मी ३ धरला. पण ब घाबरलाच नाही, उलट त्यानेच हाकललं. मग धाकदपटशा तरी कसा झाला, अशीही शंका येतेय.

निवृत्त जमादार
तालिका बरोबर आहे. सूर्य मावळल्यावर घरात शिरला की रात्रीचं कलम. आम्ही ठाण्यात डोळे झाकून ४५६ लावायचो. दिवसाचं आणि रात्रीचं एकच कसं असेल? रात्री माणूस झोपेत असतो, बायका-पोरं घरात असतात. कायद्याने म्हणूनच शिक्षा जास्त ठेवली आहे.

मनीषा_अमळनेर
नाना, ४५६ आता नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, आता ३३१ बघायचं. गिरणाकाठ, माझं मत पर्याय २ बाद एवढंच. शिव्या घरात दिल्या, चार लोकांत नाही. अपमानाला सार्वजनिक जागा लागते.

वकील_धुळे
मनीषाताई, सार्वजनिक जागा लागते ती अश्लील शब्दांच्या कलमाला, म्हणजे जुनं २९४, आताचं २९६. अपमानाचं कलम ३५२. त्यात जागेची अट नाही. त्यात बघायचं ते एवढंच की मुद्दाम अपमान केला का, आणि त्याने चिडून समोरचा शांतता मोडेल किंवा एखादा गुन्हा करून बसेल असा हेतू किंवा जाणीव होती का. बंद खोलीत दोघंच असले तरी ब उठून काठी घालू शकतो. त्यामुळे इथे ३५२ सुद्धा कदाचित बसेल. पण पर्याय २ चुकतो तो वेगळ्या कारणाने. तो एकटाच आहे, आणि घटनेतला मोठा भाग त्यात येत नाही.

आता धाकदपटशा. ब घाबरला की नाही यावर तो ठरत नाही. ३५१ मध्ये धमकी देणाऱ्याचा हेतू बघतात. समोरच्याला भीती वाटावी, किंवा त्याला हक्काचं काम करण्यापासून रोखावं, यासाठी धमकी दिली असली की पुरतं. मोजणीला हजर राहणं हा ब चा हक्क आहे आणि धमकी नेमकी त्यासाठीच आहे. ब ने हाकललं म्हणून अ चा गुन्हा पुसला जात नाही. हातपाय तोडणं म्हणजे गंभीर दुखापत, म्हणून ३५१(३), सात वर्षांपर्यंत.

गिरणाकाठ
धन्यवाद सर. म्हणजे धाकदपटशा पक्का. पण खरा वाद ३ आणि ४ मध्येच आहे ना? तेच सांगा.

वकील_धुळे
सांगतो, पण आधी चार गोष्टी कळल्या पाहिजेत. अ कुठून शिरला? दार कसं होतं? तोंड बांधलं होतं का, लपत आला का? हातात काही होतं का? मूळ प्रश्न जसाच्या तसा टाका. तुम्ही आपल्या शब्दांत लिहिला आहे, आणि अशा प्रश्नांत एका शब्दाने पर्याय फिरतो.

केळीवाला_रावेर
माझ्याकडे हेच घडलंय. गेल्या हंगामात शेजारी रात्री माझ्या केळीच्या बागेत आला. रात्रपाळीची लाईट होती, मी पाणी भरत होतो. "पाईप काढ नाही तर पाय मोडतो" म्हणाला. ठाण्यात गेलो तर एनसी घेतली आणि कोर्टात जा म्हणाले. गृह-अतिक्रमण लागेल का? रात्रीचं लागेल का?

सातपुडा
दादा, बाग म्हणजे घर नाही. वेगळा धागा काढा, इथे मुलीची मुदत संपतेय.

वकील_धुळे
थोडक्यात सांगतो, कारण यातून मूळ प्रश्नही उलगडतो. उघडं शेत म्हणजे साधं फौजदारीपात्र अतिक्रमण, ३२९(३), तीन महिन्यांपर्यंत. रात्र असली तरी तेच. पण तो पाईप आणि मोटार ठेवायच्या पक्क्या खोलीत शिरला असता तर गृह-अतिक्रमण झालं असतं, कारण माल ठेवायची इमारतसुद्धा त्यात येते. आणि एनसीचं म्हणाल, तर नुसती धमकी अदखलपात्र आहे, अतिक्रमण मात्र दखलपात्र आहे. दोन्ही एकाच घटनेत असतील तर एक दखलपात्र असल्यावर सगळा तपास पोलीस करू शकतात. तुमच्या जबाबात "बागेत घुसून" लिहिलं होतं की फक्त "धमकी दिली", ते बघा.

केळीवाला_रावेर
जबाबात फक्त धमकी लिहिली आहे बहुतेक. कागद काढून बघतो.

गिरणाकाठ
मूळ प्रश्न: "रात्री अकराच्या सुमारास, वीजपुरवठा खंडित असताना, अ हा ब च्या घराचे लोटलेले मागील दार ढकलून आत गेला व ब यास झोपेतून उठवून..." पुढे मी लिहिलं तसंच. तोंड बांधल्याचं काही नाही, हत्यार नाही. स्पष्टीकरणात एवढंच आहे: "अंधाराचा फायदा घेतल्याने गुप्त गृह-अतिक्रमण."

निवृत्त जमादार
मग झालं की! लाईट नाही, मागचं दार, रात्रीचे अकरा. अजून गुप्त काय पाहिजे?

वकील_धुळे
नाना, गुप्त गृह-अतिक्रमणात शिरणाऱ्याने स्वतः लपण्याची तजवीज केलेली असावी लागते. ज्या माणसाला त्याला बाहेर काढायचा अधिकार आहे, त्याच्यापासून आपलं शिरणं लपवायची तजवीज. अंधार अ ने केला नाही, तो वीज मंडळाने केला. अंधार आपोआप असणं आणि माणसाने लपणं या दोन गोष्टी न्यायालयं वेगळ्या धरतात. तोंड बांधलं, घरातला दिवा काढून ठेवला, कणगीमागे दडून बसला, असं काही हवं. इथे तर अ ने जाऊन ब ला स्वतः उठवलं. त्याला दिसायचंच होतं, नाहीतर धमकी कोणाला देणार?

रात्र एकटी काही वाढवत नाही, हे नीट लक्षात ठेवा. साधं गृह-अतिक्रमण दिवसा असो की रात्री, ३२९(४), एक वर्षापर्यंत. रात्र मोजली जाते ती गुप्त गृह-अतिक्रमण किंवा घरफोडी आधी सिद्ध झाली तर. मग ३३१(२), तीन वर्षांपर्यंत, आणि ते अजामीनपात्र आहे. आरोपीसाठी हा फरक फार मोठा आहे. साधं असेल तर जामीन हक्काने मिळतो.

मनीषा_अमळनेर
सर, पण "लोटलेलं दार ढकलून" हे शब्द बघा. कलमाखालच्या दाखल्यात बंद दार उघडून घरात शिरणं ही घरफोडीच म्हटलीय. कुलूप तोडलंच पाहिजे असं नाही. मग ही रात्रीची घरफोडी झाली, आणि ३ पण चूक, ४ पण चूक!

वकील_धुळे
ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. दाखला आहेच. कडी आत हात घालून काढली असती तर मी एका शब्दात घरफोडी म्हटलं असतं. नुसत्या लोटलेल्या दाराला ढकलणं त्यात धरायचं का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. दार बंद होतं की अर्धवट उघडं, हा पुराव्याचा भाग, आणि प्रश्न काढणाऱ्याने तो अर्धवट सोडलाय. पण घरफोडी धरली तरी तिच्या पोटात गृह-अतिक्रमण असतंच. म्हणून ३ खोटा ठरत नाही, फार तर अपुरा ठरेल. ४ मध्ये मात्र "गुप्त" शब्द आहे आणि त्याला घटनेत आधार नाही.

बांधावरचा
भो, एवढा कायदा बांधासाठी! आमच्याकडे गावातल्या चार म्हाताऱ्यांना बसवून मिटवायचे. मोजणीच्या वेळी सातबारा आणि नकाशा दोन्ही घेऊन जा, भूमी अभिलेखवाले खुणा दाखवतात त्यावर सही करण्याआधी नीट बघा.

सातपुडा
एक शंका. अ फक्त बोलायला आला आणि आत गेल्यावर डोकं फिरलं, असं बचावाने म्हटलं तर? मग अतिक्रमणही जाईल ना?

वकील_धुळे
जाऊ शकतं. आत शिरताना गुन्हा करण्याचा किंवा धाक, अपमान, त्रास देण्याचा हेतू हवा. ब ला त्रास होईल एवढं माहीत असणं पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मथरी विरुद्ध पंजाब राज्य, १९६४, यात हे स्पष्ट केलं आहे. तिथे ताबा द्यायला आलेल्यांच्या वॉरंटची मुदत संपलेली होती, तरी त्यांचा उद्देश आदेश बजावण्याचा होता म्हणून त्यांना अतिक्रमण करणारे धरलं नाही. पण आपल्या प्रश्नात रात्री अकराला न विचारता, मागच्या दाराने, झोपलेल्या माणसाजवळ जाऊन पहिलं वाक्यच धमकीचं. शिरतानाचा हेतू यावरूनच काढतात. अ संध्याकाळी हाक मारून ओट्यावर बसला असता आणि बोलता बोलता भडकला असता, तर मी तुम्हाला फक्त धाकदपटशा आणि कदाचित ३५२ एवढंच सांगितलं असतं. तेव्हा पर्याय १ बरोबर ठरला असता. आणि जाता जाता: हातात काठी घेऊन मारायच्या तयारीने आला असता तर ३३३, सात वर्षांपर्यंत. तुमच्या प्रश्नात हत्यार नाही, म्हणून ते सोडा.

निवृत्त जमादार
वकीलसाहेब, कोर्टात तुमचं खरं असेल. ठाण्यात रात्री दोनला फिर्यादी समोर रडत उभा असतो, तेव्हा मोठं कलम लावलं नाही तर तोच उद्या आमच्यावर अर्ज करतो. मी माझं मत बदलत नाही, पण पोरीला मार्क मिळावेत.

गिरणाकाठ
आक्षेप असा लिहिलाय: "प्रश्नात आरोपीने स्वतःला लपवण्यासाठी केलेली कोणतीही कृती नमूद नाही. वीजपुरवठा खंडित असणे ही आरोपीची कृती नाही. आरोपीने फिर्यादीस स्वतः उठवले. त्यामुळे पर्याय ४ मधील 'गुप्त' हा घटक सिद्ध होत नाही. दार ढकलण्यामुळे घरफोडीचा मुद्दा येत असल्यास तसा पर्याय दिलेला नाही. पर्याय ३ ग्राह्य धरावा किंवा प्रश्न रद्द करावा." एवढं पुरे का?

वकील_धुळे
पुरे. "रद्द करावा" शेवटी ठेवलंत ते चांगलं. ३२९(४) आणि ३३१(२) हे आकडे कंसात टाका, वाचणाऱ्याला शोधावं लागू नये.

मनीषा_अमळनेर
मला अजून पटत नाही. लोटलेलं दार म्हणजे बंद दारच. घरफोडीचा पर्याय नसेल तर सरळ रद्दच मागायला हवं होतं, ३ नाही.

केळीवाला_रावेर
कागद सापडला. "माझ्या बागेत येऊन" असं लिहिलंय, "घुसून" नाही. वकीलसाहेब, आता काय करू?