मदत हवी आहे: व्हायव्हात 'तुलनेचा आधार काय' असं विचारलं तर?

माढ्याची_मीरा
नमस्कार. पुढच्या महिन्यात माझा पीएचडीचा व्हायव्हा आहे. विषय माढा तालुक्यातला ऊस आणि ठिबक. चार गावांतले १२० ठिबकवाले आणि १२० पाटपाणी देणारे शेतकरी घेऊन मुलाखती केल्या. निष्कर्ष असा की ठिबकवाल्यांना एकरी पाणी कमी लागतं, पण वर्षभराचा एकूण उपसा जवळपास तेवढाच राहतो, कारण वाचलेल्या पाण्यावर त्यांनी ऊस वाढवलाय.

दोन्ही अहवाल अनुकूल आहेत. एका परीक्षकांनी मात्र 'तुलनेचा आधार व मोजमापाच्या मर्यादा उमेदवाराने स्पष्ट कराव्यात' असं लिहिलंय. ते कुठपर्यंत ताणतील? आणि 'तुमचं योगदान काय' याचं माझं उत्तर दर वेळी लांबतं. ते कसं आवरू?

रोहन_के
पहिला प्रश्न नमुन्याच्या आकाराचाच येणार. यामानेचं सूत्र लावलं तर पाच टक्के त्रुटीला साधारण ४०० येतात, तुझे २४० आहेत. दहा टक्के त्रुटी धरली असं सांग म्हणजे विषय संपला.

भीमाकाठ
रोहन, आकडेमोड बरोबर आहे, पण ते सूत्र किती माणसं घ्यायची एवढंच सांगतं, कोणती घ्यायची ते नाही. शिवाय त्रुटी आता मागाहून ठरवली तर परीक्षक तिथेच धरतील. मी कृषी अर्थशास्त्रातल्या बऱ्याच व्हायव्हांना बाह्य परीक्षक म्हणून बसलोय. त्या वाक्याचा रोख मला वेगळा वाटतो.

मीराताई, ठिबक कोण बसवतं? ज्याच्याकडे आधीच जमीन जास्त आहे, बोअरला पाणी आहे आणि अनुदान येईपर्यंत पदरचे पैसे घालायची ऐपत आहे तो. मग त्याचा ऊस वाढला तो ठिबकमुळे की ऐपतीमुळे? 'तुलनेचा आधार' म्हणजे हेच. पुढचा प्रश्न असा येईल: महाडीबीटीवर काही वर्षं ठिबकच्या अर्जांची सोडत निघायची. नाव लागलेले आणि न लागलेले अशी तुलना का केली नाही? दोघांनीही अर्ज केलेला, म्हणजे इच्छा आणि ऐपत सारखीच.

दुसरं, पाणी कसं मोजलंत?

माढ्याची_मीरा
सर, माझ्या नमुन्यातल्या बहुतेकांनी २०१८च्या आधी ठिबक बसवलंय, त्यामुळे सोडतीचा उपयोग नव्हता. ठिबक बसवण्याआधीची जमीन आणि उसाचं क्षेत्र मात्र विचारलंय. तेवढ्याच जमिनीच्या शेतकऱ्यांची जोडी लावली तरी निष्कर्ष टिकतो, ते सहाव्या प्रकरणात आहे.
पाणी म्हणजे मोटर किती तास चालते ते विचारलं, आणि मोटरच्या एचपीवरून उपसा काढला.

भीमाकाठ
मग सहाव्या प्रकरणातलं ते कोष्टक हाताशी ठेवा आणि पहिल्या उत्तरातच काढा. जोडी जमिनीची लावलीत, बोअरच्या पाण्याची नाही, एवढं मात्र कबूल करा.

मोटरच्या तासांवर खरी अडचण येईल. तुमच्या भागात बहुतेकांच्या स्टार्टरला ऑटो स्विच असतो. रात्री लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते. शेतकरी 'आठ तास' म्हणतो तेव्हा तो लाइटचे तास सांगतो, मोटरचे नव्हे. बोअर मध्येच आटला तरी उत्तर आठच. आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की त्याच एचपीची मोटर तासाला कमी पाणी उचलते. ही चूक दोन्ही गटांत सारखी असेल तर तुलना बरीचशी टिकते. पण ठिबकवाला व्हॉल्व्ह बदलायला शेतात जातो, त्याला तास नीट आठवतात. म्हणजे चूक सारखी नाही. तिची दिशा कोणती, ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

शुभदा_नागपूर
माझा व्हायव्हा मराठी विभागात झाला, तिथे पद्धतीवर कुणी विचारलंच नाही. सगळी चर्चा संदर्भसूचीतल्या चुकांवर. तेवढी सूची तपासून ठेव.

माढ्याची_मीरा
शुभदाताई, तपासते. सर, दिशा अशी वाटते: पाटपाणीवाल्यांचे तास फुगलेले असणार. म्हणजे ठिबकची एकरी बचत मी दाखवली त्याहून कमी असू शकते. आणि ठिबकवाल्यांचा एकूण उपसा पाटपाणीवाल्यांपेक्षा उलट जास्तच निघेल, म्हणजे मुख्य निष्कर्ष आणखी पक्का होतो.

भीमाकाठ
हेच उत्तर, ह्याच क्रमाने. आता योगदान. 'ठिबकने पाणी वाचतं' हे सगळ्यांना माहीत आहे, तिथून सुरुवात करू नका. वाचलेलं पाणी शेतकरी पुन्हा उसातच घालतो हेही इतरांनी इतरत्र मांडलंय, तेही आपलं म्हणू नका. मग तुमचं काय उरतं?

माढ्याची_मीरा
ते कुणाच्या बाबतीत घडतं हे. ज्यांच्याकडे पडीक किंवा जिरायत तुकडा शिल्लक होता त्यांनीच ऊस वाढवला. ज्यांची सगळी जमीन आधीच उसाखाली होती त्यांचा उपसा खरंच घटला.

भीमाकाठ
मग हे प्रबंधाच्या सारांशात पहिल्या पानावर का नाही? व्हायव्हात दोन वाक्यांत हेच सांगा.

रोहन_के
पण ऑटो स्विचचं तिने आपणहून का काढायचं? खुला व्हायव्हा असतो, हॉलमध्ये दहाजण बसलेले. नाही विचारलं तर विषयच निघणार नाही.

भीमाकाठ
अहवालात 'मोजमापाच्या मर्यादा' लिहून आलंय, रोहन. न विचारता राहणार नाही. सादरीकरणात एक स्लाइड ठेवावी असं माझं मत.

माढ्याची_मीरा
गाइड म्हणतात स्लाइड नको, विचारलं तरच बोल. उद्या त्यांच्याशी पुन्हा बोलते. तोवर दोन गावांतल्या ओळखीच्या शेतकऱ्यांना फोन करून ऑटो स्विच कुणाकडे आहे ते विचारून घेते.