मदत हवी आहे: आठवीच्या प्रकल्पांसाठी विषयांची यादी

नमस्कार मंडळी. माझ्या आठवीच्या वर्गात काही मुलांना अजून दशांश गुणाकार जमत नाही, तर काही जण आलेख सहज काढतात. म्हणून ‘सोपे’ आणि ‘अवघड’ अशा दोन याद्या न करता, प्रत्येक विषयात सर्वांना सुरुवात करता येईल अशी एकच यादी करते आहे.

उदाहरणार्थ, गळका नळ. नळाखाली दहा मिनिटं भांडं ठेवून पाणी मोजायचं, हे प्रत्येकाला जमतं. २५० मिलिलीटर भरलं, तर १४४ ने गुणून दिवसाला ३६ लिटर, ही पुढची पायरी. त्यापुढे सकाळी आणि दुपारी मोजून फरक का पडतो, ते शोधायचं. कुठे थांबायचं ते मूल ठरवेल.

खर्च शून्य, मोबाइल नको आणि मोजणी शाळेतच, या माझ्या अटी आहेत. घरी दिलं की थर्माकोलची मॉडेल्स पालकच करतात आणि ज्यांच्या घरी कुणी मदतीला नाही ती मुलं मागे पडतात.

असे पायऱ्या असलेले विषय इतिहास आणि मराठीसाठी सुचवाल का? आणि पहिल्या पायरीवर नीट काम करणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत का? तुम्ही कसे देता?