मदत हवी आहे: अहिराणीतला लांबलेला ‘तोऽऽ’ मोजायचा का?

धुळ्याजवळच्या गावात आजीकडून ‘हा-तो’चे शब्द टिपतोय. जपानीत वस्तू बोलणाऱ्याजवळ असली तर ‘कोरे’, ऐकणाऱ्याजवळ ‘सोरे’, दोघांपासून दूर ‘आरे’. अहिराणीत असा तिसरा शब्द आहे का, ते बघायचंय.

अंगणात तीन तांबे ठेवले: एक आजीच्या पायाशी, दुसरा पंधरा फुटांवर माझ्याजवळ, तिसरा थेट निंबाखाली. मी तांब्याचं नाव काढलं नाही, कारण आधी उल्लेख झालेल्या वस्तूलाही ‘तो’ म्हणतातच. नुसतं ‘कोणता उचलू?’ विचारलं. आजी अनुक्रमे ‘हाऊ’, ‘तो’, ‘तोऽऽ’ म्हणाली, शेवटी हनुवटी उचलून. मग मी तांबे तिथेच ठेवून आजीशेजारी बसलो, तरी मधला ‘तो’च राहिला. म्हणजे ऐकणाऱ्याच्या जागेने फरक पडत नसावा. निंबाखाली स्वतः उभं राहून विचारायचं मात्र राहिलं.

आजी कंटाळते, म्हणून उद्या एकच फेरी जमेल. चित्रं दाखवून उपयोग नाही, ती हसते. तर तुमच्या घरी निंबाखालच्या माणसाला ओरडून सांगतानाही ‘तोऽऽ’ लांबतो का, आणि लांब स्वर हा वेगळा शब्द की नुसता हेल, हे एका फेरीत कसं तपासू?