तीन रिलीज ब्रँच, दोन टेस्टर: ट्रंकवर आल्याने टेस्टिंग खरंच कमी होतं का?

खिडकीची_सीट: पतसंस्थांना कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर देतो, ऑफिस अंधेरीत. ४.१, ४.२, ४.३ अशा तीन रिलीज ब्रँच चालू आहेत. टेस्टर आम्ही दोघीच. एका ब्रँचचं पूर्ण रिग्रेशन सहा दिवस खातं. आता साहेब म्हणतात, सगळे ट्रंकवर या, टेस्टिंग तिसऱ्या हिश्श्यावर येईल. येईल का?

बोरिवली_स्लो: येणारच. अठराचे सहा दिवस झाले की! शिवाय रोज मर्ज आणि रोज ऑटोमेटेड टेस्ट असली की चूक कालच्या दहा-बारा कमिटमध्येच शोधायची असते. ब्रँचवर तीन महिन्यांनी सापडते तेव्हा लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो.

दादर_पूर्व: अगदी! आमच्याकडे डेव्हलपर दोन-दोन आठवडे आपापल्या ब्रँचवर बसतात आणि शुक्रवारी संध्याकाळी मर्ज करतात. माझी ७:१२ चुकते ती चुकतेच.

जुना_खलाशी: दादर, तुमचं दुखणं वेगळं. ताई रिलीज ब्रँचबद्दल विचारतायत.

बोरिवली, चूक लवकर सापडते हे खरं, पण तुमचा गुणाकार चुकला. अठरा दिवस लागतात ते तीन आवृत्त्या गिऱ्हाइकांकडे चालू आहेत म्हणून. एखादी पतसंस्था उद्याही ४.१ च वापरणार असेल तर ब्रँच पुसून काम पुसलं जात नाही.

लांबलेल्या ब्रँचची खरी किंमत दुसरीकडेच मोजावी लागते. आमच्याकडे घडलेलं सांगतो. `main` वर आम्ही रकमा रुपयांऐवजी पैशांत ठेवायला लागलो होतो. मग मागणी आली की एक रुपयाच्या आतलं दंडव्याज लावू नका. दोन ओळींचं काम:

```
if penalty < 100:
    penalty = 0
```

हे जुन्या ब्रँचवर चेरी-पिक केलं. कॉन्फ्लिक्ट नाही, बिल्ड हिरवं. पण त्या ब्रँचवर `penalty` अजून रुपयांतच होती, त्यामुळे शंभर रुपयांच्या आतला सगळा दंड माफ झाला! सोबत उचललेली युनिट टेस्टही पास, कारण तिला फक्त आकडे दिसतात: ४० चा ०, २५० चे २५०. महिनाअखेरीस दंडव्याजाची बेरीज कमी का, असं तिथल्या कारकुनाने विचारलं तेव्हा कळलं.

तेव्हापासून जुन्या ब्रँचवरचं प्रत्येक चेरी-पिक आम्ही स्क्रीनवरून तपासतो. थकलेला हप्ता घ्यायचा, साठ रुपये दंड येईल असा, आणि पावती छापून बघायची. हे दर ब्रँचला वेगळं करावं लागतं, आणि ब्रँच जितकी जुनी तितकं जास्त बघावं लागतं. बदल दोन ओळींचा आहे म्हणून काम कमी होत नाही.

कटिंग_चहा: आणि ट्रंकवर काय सगळं आलबेल? अर्धवट काम झाकायला फीचर फ्लॅग लागतात. आमच्याकडे आठ आहेत, म्हणजे २५६ जोड्या. टेस्टिंग कमी झालं नाही, फक्त दिसेनासं झालं.

जुना_खलाशी: २५६ कोणी तपासत नाही. आज गिऱ्हाइकाकडे चालू आहे ती एक मांडणी आणि पुढच्या रिलीजची एक, बस. दोन फ्लॅग एकाच हिशेबाला हात लावत असतील तर तेवढ्या चार जोड्या बघायच्या. फ्लॅग काढून टाकणं हाही बदलच, त्याचं टेस्टिंग मात्र लोक विसरतात.

कटिंग_चहा: काका, आमच्याकडे दर गिऱ्हाइकाला वेगळे फ्लॅग आहेत.

जुना_खलाशी: मग त्या नाव बदललेल्या ब्रँचच आहेत. तिथे माझं दोन मांडण्यांचं गणित चालत नाही, मान्य.

ताई, दुरुस्ती आधी `main` वर होऊ दे, तिथून `git cherry-pick -x` ने खाली न्या. उलट दिशेने केलं की `main` वर न्यायचं राहतं आणि पुढच्या आवृत्तीत तोच बग परत येतो. किती राहिलंय ते बघायला:

```
git cherry -v main release-4.1
```

`+` असलेल्या ओळी `main` वर सापडत नाहीत. मात्र कॉन्फ्लिक्ट हाताने मिटवलेल्याही तिथे `+` च दिसतात, त्या डोळ्यांनी वगळाव्या लागतील.

खिडकीची_सीट: चालवलं. चौदा `+` आल्या. नऊ हाताने मिटवलेल्या निघाल्या, पाच `main` वर खरंच नाहीत. त्यातली एक म्हणजे ४.३ घेतलेल्या पतसंस्थेची गेल्या महिन्यातली तक्रार. आम्ही ती नवीन बग म्हणून नोंदवून तीन दिवस शोधत होतो! साहेबांना दाखवलं. पण ४.१ वरची एक संस्था ऑडिट होईपर्यंत आवृत्ती बदलायला तयार नाही.

बोरिवली_स्लो: मग बाकीच्यांना ट्रंकवर आणा, तिला राहू दे.

खिडकीची_सीट: आणि तिचे सहा दिवस कोण करणार, दादा?