मदत हवी आहे: शोरूम किमतीत 4,600 चा फरक, ऑन-रोडला 12,030 चा कसा?

टिळकवाडीकर: 125 सीसीची गाडी घेतोय. ड्रम आणि डिस्क अशा दोन मॉडेल्सची कोटेशनं आणली आहेत. एक्स-शोरूममध्ये फरक फक्त 4,600 चा, पण खालच्या एकूण रकमेत 12,030 चा. विमा दोन्हीकडे सारखाच. डीलर म्हणतो, 'सर, टॅक्स तसाच असतो.' उद्या सकाळी बुकिंगचे पैसे भरायचेत, लवकर सांगा, हा माणूस मला फसवतोय का?

घाटमाथा: सरळ फसवणूक आहे. टॅक्स सीसीवर असतो. मी 2023 ला कोल्हापुरात 125 ची घेतली तेव्हा 11 टक्के भरला, ड्रम असो की डिस्क. बुकिंग करू नका.

रेणुका_ताई: राज्य कुठलं? दोन्ही एक्स-शोरूम किमती किती? 'आरटीओ' असं लिहून समोर किती आकडा आहे? हे तिन्ही दिल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

टिळकवाडीकर: बेळगाव. ड्रम 97,800, डिस्क 1,02,400. आरटीओ अनुक्रमे 15,970 आणि 23,400. लोन आहे.

रेणुका_ताई: मग उलगडलं. घाटमाथा म्हणतात ते महाराष्ट्राचं. कर्नाटकात दुचाकीचा लाइफटाइम टॅक्स किमतीवर ठरतो: 50,000 पर्यंत 10 टक्के, त्यापुढे एक लाखापर्यंत 12 आणि लाखाच्या वर 18. तुमची डिस्क गाडी लाखाची रेघ 2,400 नं ओलांडते.

अभ्यंकर_काका: पण 18 टक्के फक्त लाखाच्या वरच्या 2,400 वरच लागायला हवेत ना? इन्कम टॅक्सला तसंच असतं. म्हणजे 432 रुपये जास्त. सात हजार कुठून आले?

रेणुका_ताई: काका, गोची तिथंच आहे. इथं टप्प्याटप्प्यानं मोजत नाहीत. रेघ ओलांडली की पूर्ण किमतीला वरचा दर. ड्रम: 97,800 चे 12 टक्के 11,736. त्या टॅक्सवर पुन्हा 11 टक्के सेस, तो 1,291. बेरीज 13,027. डिस्क: 1,02,400 चे 18 टक्के 18,432, सेस 2,028, बेरीज 20,460. फरक 7,433. त्यात किमतीतले 4,600 मिळवा, बारा हजार झाले. टॅक्सच्या फरकात डीलरचं काही नाही.

घाटमाथा: मग कोल्हापुरातून घ्या की, 11 टक्क्यांत काम. तासा-दोन तासांचा रस्ता.

रेणुका_ताई: नोंदणीला महाराष्ट्रातल्या पत्त्याचा पुरावा लागतो. आणि परराज्याची गाडी कर्नाटकात वर्षाहून जास्त ठेवली की इथला टॅक्स मागतात. बेळगावात राहणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

स्पोकवाला: टॅक्स राहू दे, ड्रम घेऊ नका! पावसाळ्यात चोर्ला घाट उतरलोय, पुढे डिस्क होती म्हणून वाचलो.

टिळकवाडीकर: दादा, मी ऑफिसला सहा किलोमीटर जातो, घाट नाही. ताई, 20,460 कळले. पण कोटेशनमध्ये 23,400 आहेत.

रेणुका_ताई: आता खरा प्रश्न विचारलात. 20,460 मध्ये नोंदणी फी 300, स्मार्ट कार्ड 200, लोनचा बोजा चढवायचे 500 आणि मोटार कामगार कल्याणाचा नवा सेस 500 मिळवा: 21,960. वरचे 1,440 कशाचे, ते लेखी मागा. 'हँडलिंग' म्हणाला तर नको म्हणा. नंबर प्लेटचे म्हणाला तर ते एक्स-शोरूम किमतीतच असतात. ड्रमच्या कोटेशनमध्येही तेवढेच जास्त आहेत, तपासून बघा. नोंदणीनंतर ऑनलाइन भरलेल्या टॅक्सची पावती डीलरकडून घ्या. तिच्यावर टॅक्स आणि सेस वेगळे छापलेले असतात, ते या आकड्यांशी ताडून बघा.

अभ्यंकर_काका: डीलर 2,500 डिस्काउंट देतोय का? मग किंमत 99,900 झाली, 12 टक्क्यांत बसलीच की!

रेणुका_ताई: कोटेशनच्या तळाशी, टॅक्सनंतर वजा केलेलं डिस्काउंट दर बदलत नाही. बिलातच किंमत कमी लावली तर काय होतं, यावर माझ्या ओळखीतले दोन डीलर दोन गोष्टी सांगतात. आरटीओत विचारून मगच विसंबा.

टिळकवाडीकर: आत्ता फोन केला. डीलर 1,440 ला 'फाइल चार्ज' म्हणाला, मग 'बघू' म्हणाला. ड्रमच बुक करतोय.

स्पोकवाला: निदान कॉम्बी ब्रेक आहे का ते तरी बघा.