मदत हवी आहे: पीएमआय, आयआयपी आणि बँक यांचे तीन सूर, शिखर उलटले का?

पाईपवाला (जळगाव)
नमस्कार मंडळी. आमचा पाईपचा कारखाना आहे. नवीन एक्स्ट्रुडर, म्हणजे पाईप काढायचे मशीन, घ्यायचे की थांबायचे, हे मला याच आठवड्यात बँकेला कळवायचे आहे. कारखान्यांच्या पाहणीवरून काढलेला पीएमआय 57.7 वरून 56.3 वर आला आहे आणि आयआयपीची, म्हणजे औद्योगिक उत्पादन निर्देशांकाची, वाढ पाच टक्क्यांवरून 2.9 टक्क्यांवर आली आहे. आमच्याकडेही ऑर्डर घटल्या आहेत. बँकेतील साहेब मात्र उद्योगांची कर्जे वाढत आहेत, म्हणजे तेजी आहे, असे ठामपणे सांगतात. मंदीला सुरुवात झाली का? व्याख्या मला माहीत आहेत, कृपया उत्तर द्यावे.

तापीकाठ (भुसावळ)
उत्तर शेअर बाजाराने केव्हाच दिले आहे. निफ्टी सप्टेंबर 2024 मध्ये 26,000 च्या वर होता आणि त्यानंतर काही महिने घसरत गेला. बाजार अर्थव्यवस्थेच्या आधी वळतो, हे सर्वमान्य आहे. मशीन घेऊ नका.

अवधानकर (धुळे)
पाईपवाला भाऊ, उत्तर देण्यापूर्वी थोडी माहिती हवी. हे आकडे कोणत्या महिन्याचे आहेत? तुमचा पाईप शेतीचा की बांधकामाचा? घटलेल्या ऑर्डर मागील महिन्याशी ताडून म्हणता की मागील वर्षाच्या याच महिन्याशी?

तापीकाठ दादा, बाजार पुष्कळदा आधी वळतो हे खरे, पण तो अनेकदा उगाचही वळतो. अमेरिकेत दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा व्याजदर जुलै 2022 पासून दोन वर्षांच्या रोख्यांपेक्षा खाली होता. हा मंदीचा सर्वांत भरवशाचा पूर्वसंकेत मानला जातो. ती उलटी स्थिती दोन वर्षांहून अधिक टिकली, तरी तेथे मंदी आजवर जाहीर झालेली नाही.

केळीबाग (रावेर)
मंदी तर आहेच. मालाला भाव नाही आणि व्यापारी फिरकत नाही. केळीचे दर केव्हा सुधारतील, हे या आकड्यांवरून कळते का?

अवधानकर (धुळे)
केळीबाग आप्पा, एका पिकाचा भाव आवक आणि उठाव यांवर हलतो. त्यातून व्यापारचक्राची, म्हणजे तेजी-मंदीच्या फेऱ्याची, अवस्था कळत नाही, आणि या आकड्यांतून तुमचा भावही कळणार नाही. त्यासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

पाईपवाला (जळगाव)
आकडे फेब्रुवारी 2025 चे आहेत. पाईप पीव्हीसीचा, बहुतेक शेतीसाठी. ऑर्डर मागील वर्षाच्या मार्चशी ताडून कमी आहेत.

उद्योगमित्र (नंदुरबार)
रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो दर 9 एप्रिल 2025 ला सहा टक्क्यांवर आला आहे. कर्ज स्वस्त होत असताना थांबण्यात अर्थ नाही. अनुदानाच्या योजनाही पाहाव्यात. कागदपत्रांची यादी हवी असल्यास कळवावे.

अवधानकर (धुळे)
अनुदानाचा प्रश्न येथे कोणी विचारलेला नाही, तो तूर्त बाजूला ठेवू.

प्रथम पीएमआय. त्यात कंपन्यांना मागील महिन्यापेक्षा स्थिती सुधारली, तशीच राहिली की बिघडली, एवढेच विचारतात. पन्नासच्या वर म्हणजे सुधारणा सांगणारे अधिक. त्यामुळे 57.7 वरून 56.3 याचा अर्थ उत्पादन घटले असा होत नाही. वाढ सांगणाऱ्यांचा वरचष्मा थोडा कमी झाला, इतकाच होतो. शिवाय तुम्ही फेब्रुवारीवर थांबलात. मार्चचा आकडा या महिन्याच्या सुरुवातीलाच आला असून तो 58.1 आहे.

आता आयआयपी. त्याची वाढ मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी ताडून सांगतात, आणि फेब्रुवारी 2024 हा 29 दिवसांचा होता. दोन्ही वर्षी फेब्रुवारीत चारच रविवार आले, म्हणजे यंदा कामाचा एक पूर्ण दिवस कमी पडला. 29 मधून एक गेला की सुमारे साडेतीन टक्के जातात. 2.9 टक्के वाढ दररोजच्या हिशोबाने मांडली, तर ती साडेसहा टक्क्यांच्या आसपास जाते. हा ढोबळ अंदाज समजावा, कारण प्रत्येक कारखान्याचे उत्पादन दिवसांच्या प्रमाणात हलत नाही. तरीही पाचवरून 2.9 ही घसरण दिसते तेवढी खोल नाही.

तापीकाठ (भुसावळ)
दिवस मोजून आकडा हवा तसा वाकवता येतो. पण बँकेचे साहेब तरी बरोबर आहेत का?

अवधानकर (धुळे)
साहेबांचा आकडा बरोबर असेल, पण तो उशिरा बोलतो. कारखान्यातच पाहा. मागणी मंदावली की मालक आधी ओव्हरटाईम बंद करतो, कारण त्याला काही खर्च येत नाही. मग पाळी कमी होते, उत्पादन उतरते आणि माणसे कमी होतात. कर्ज मात्र लगेच घटत नाही. उलट माल पडून राहिल्याने आणि उधारी अडकल्याने खेळत्या भांडवलाची गरज काही काळ वाढते. म्हणून कामाचे तास आणि नव्या ऑर्डर पुढचे सांगतात, उत्पादन आजचे सांगते आणि कर्जाची बाकी कालचे सांगते.

अमेरिकेतील मोठ्या मंदीत हा क्रम स्पष्ट दिसला. शेअर बाजाराचा तळ मार्च 2009 मध्ये आला. अर्थव्यवस्थेचा तळ जून 2009 मध्ये आला, तेथून उत्पादन पुन्हा वाढू लागले. बेरोजगारी मात्र वाढतच राहिली आणि ऑक्टोबर 2009 मध्ये 10 टक्क्यांवर पोहोचली. ज्याने केवळ बेरोजगारी पाहिली, त्याला मंदी संपल्यावरही ती वाढतच आहे असे वाटले असणार. आणि तळ जूनमध्येच होता, हे मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या तेथील समितीने सप्टेंबर 2010 मध्ये जाहीर केले. आपल्याकडे तर अशी अधिकृत समितीही नाही.

तापीकाठ (भुसावळ)
म्हणजे बाजार तीन महिने आधी वळला, हे तुम्हीच मान्य केलेत.

अवधानकर (धुळे)
त्या वेळी वळला, हे मान्यच आहे. एकाच निर्देशकावर विसंबण्याला माझा विरोध आहे. तीन-चार पूर्वसूचक निर्देशक सलग काही महिने एकाच दिशेने गेले आणि त्यामागून उत्पादनही वळले, तरच तेजीचे शिखर उलटले असे म्हणावे. त्यातही आपल्या देशात 1979-80 नंतर वार्षिक उत्पादन प्रत्यक्ष घटले ते केवळ 2020-21 मध्ये. म्हणून आपल्याकडे बहुतेक वेळा ‘मंदी’ म्हणजे वाढीचा वेग कमी होणे, आणि ती ओळखणे अधिक कठीण असते.

पाईपवाला भाऊ, आता मुख्य प्रश्न. रेझिनचे, म्हणजे पाईपच्या कच्च्या मालाचे, दर उतरत आहेत का? आणि तुमच्याकडे ओव्हरटाईम चालू आहे का?

पाईपवाला (जळगाव)
रेझिनचे दर गेल्या काही महिन्यांत उतरत गेले आहेत. ओव्हरटाईम गेल्या महिन्यात बंद केला, माणसे कायम आहेत. डीलर म्हणतात, आणखी उतरू द्या, मग माल उचलतो.

अवधानकर (धुळे)
मग तुमच्या ऑर्डरचा संकेत गढूळ आहे. दर उतरत असताना डीलर आपला साठा रिकामा करतो, कारण आज घेतलेला पाईप उद्या महाग ठरतो. कारखान्याला ती मागणीतील घट दिसते, पण शेतकरी तेवढाच पाईप घेत असू शकतो. दोन-तीन डीलरांना ऑर्डरऐवजी एवढेच विचारावे: दुकानातून रोज किती माल जातो आणि मागील वर्षी याच काळात किती जात होता? विक्री टिकून असेल आणि केवळ साठा घटला असेल, तर दर स्थिरावल्यावर ऑर्डर परत येतील. विक्रीच घटली असेल, तर मार्चचा पीएमआय कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी तो परका आहे, कारण तो देशभरातील कारखान्यांचा आहे आणि तुमचा ग्राहक शेतकरी आहे.

उद्योगमित्र (नंदुरबार)
डीलर खरे सांगतील, यावर विश्वास कसा ठेवावा? माल उचलायचा नसला की विक्री नेहमीच कमी सांगतात.

अवधानकर (धुळे)
ही शंका रास्त आहे. तोंडी न विचारता बिले दाखवणारा एखादा जुना डीलर असेल, तर त्याच्याकडून घ्यावे.

पाईपवाला (जळगाव)
असा एक डीलर पाचोऱ्यात आहे, उद्या त्याच्याकडे जातो. मार्चची आयआयपी 28 एप्रिलला येणार आहे. तोपर्यंत मुदत वाढवून मिळते का, हे बँकेला विचारले आहे. साहेबांचे उत्तर अजून आलेले नाही.

तापीकाठ (भुसावळ)
मार्चच्या आकड्यात तरी दिवसांचा घोळ नसेल, अशी आशा करू या.

अवधानकर (धुळे)
आहे, थोडा. यंदाच्या मार्चमध्ये पाच शनिवार, पाच रविवार आणि पाच सोमवार आले. मागील वर्षी शुक्रवार, शनिवार आणि रविवार पाच-पाच होते. होळीही दोन्ही वर्षी मार्चमध्येच होती. म्हणून या वेळी तुलना फेब्रुवारीपेक्षा बरीच स्वच्छ असेल.