पैसे पाठवण्याआधी मागायचे फोटो

“दारव्ह्याजवळच्या गावात राहते. २०१२ सालची म्हणून सांगितलेली, वापरलेली लुई व्हितॉंची नेव्हरफुल बॅग घ्यायची आहे. विकणाऱ्या ताईंना आणखी कोणते फोटो मागू?”

बॅग हातात घेऊन पाहणे आपल्याकडून शक्य नसल्याने संदेश नेमका असावा: ‘नमस्कार ताई. पैसे भरण्याआधी कृपया दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता, आतल्या डेट कोडचा, दोन्ही हँडलांच्या मुळाशी असलेल्या शिलाईचा आणि आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून पूर्ण बॅगेचा, असे फोटो पाठवावेत.’ चिठ्ठीमुळे बॅग खरोखर त्यांच्याजवळ आहे हे कळते. इतरांचे फोटो उचलून विकणारेही असतात.

डेट कोड, म्हणजे बॅग कधी बनली ते सांगणारी आतली अक्षरे व अंक, मात्र नीट वाचावा. २००७ पासून २०२१ मध्ये हे कोड बंद होईपर्यंत अक्षरांपुढच्या चार अंकांपैकी पहिला व तिसरा मिळून आठवडा, दुसरा व चौथा मिळून वर्ष दाखवत. म्हणजे ११८२ असेल तर २०१२ चा १८ वा आठवडा; पण ६१८२ असेल तर ६८ वा आठवडा निघतो, जो वर्षात नसतोच, आणि तेथेच व्यवहार थांबवावा. कोड जुळला म्हणून बॅग अस्सल ठरत नाही, कारण नकल करणारेही तो छापतात.

म्हणूनच मी हँडलांच्या फोटोला अधिक महत्त्व देते. नेव्हरफुलच्या नेहमीच्या मोनोग्राम प्रकारात त्यांचे चामडे रंग न दिलेले असल्याने वापराने मधाळ, मग तपकिरी होते. इतकी वापरलेली बॅग आणि हँडल फिकट गोरे दिसत असेल, तर ते बदलले आहे का, हे स्पष्ट विचारावे.